कोठीवरचं कार्ड आणि साठ्याची खतावणी

आज बोलायचं आहे ते गटाच्या कोठीबद्दल, म्हणजे जिथं आपला कच्चा माल राहतो त्या खोलीबद्दल. मसाला करणारे, पापड-लोणची करणारे, शिवणकाम करणारे असे गट आता गावोगाव आहेत. पैशाची वही बहुतेक गट नीट ठेवतात, कारण बँक मागते. मालाची वही मात्र कोणी मागत नाही, म्हणून ती मागं राहते. आणि मग एखाद्या दिवशी दोन बायका कोठीच्या दाराशी उभ्या राहून म्हणतात, "एवढी मिरची आणली होती, गेली कुठं?" बोट दाखवलं जातं ते कोठी सांभाळणाऱ्या ताईकडं. ते बोट बरोबर आहे की चूक, हे सांगू शकणारे दोनच कागद असतात. एक बिन कार्ड आणि दुसरी साठ्याची खतावणी, जिला कारखान्यात स्टोअर्स लेजर म्हणतात.

बिन कार्ड म्हटलं की बैठकीत हमखास कोणीतरी विचारतं, "बिन कार्ड म्हणजे कार्डाशिवाय का?" तसं नाही. इंग्रजीत बिन म्हणजे माल ठेवायची कोठी, कप्पा, पिंप. त्या कोठीवर जे कार्ड टांगलेलं असतं ते बिन कार्ड. मिरचीच्या गोण्यांपाशी मिरचीचं कार्ड, धन्यांच्या पिंपावर धन्यांचं. एका वस्तूला एक कार्ड. वर वस्तूचं नाव, मोजायचं माप किलो की नग, आणि खाली रकाने: तारीख, चिठ्ठीचा नंबर, आवक, जावक, शिल्लक, सही. या कार्डावर पैसे कुठंच नसतात, फक्त वजन. एखाद्या कार्डावर वरच्या कोपऱ्यात लाल शाईनं "२५ किलो" असं लिहिलेलं असतं. शिल्लक तिथवर उतरली की नवीन माल सांगायचा, एवढाच त्याचा अर्थ.

साठ्याची खतावणी ही वही. तिच्यातही एका वस्तूला एक पान, पण तिथं वजनाबरोबर दर आणि रक्कमही असते. आवक किती, कोणत्या दरानं, किती रुपयांची. जावक किती, किती रुपयांची. शिल्लक किती, किती रुपयांची. मोठ्या कारखान्यात कार्ड भांडारपालाकडं आणि खतावणी हिशेब खात्याकडं असते. आपल्या गटात एवढी माणसं नसतात. कोठीवाली ताईच दोन्ही लिहिते. तेव्हा प्रश्न येतो की एकाच बाईनं एकच गोष्ट दोनदा का लिहायची?

याचं उत्तर चिठ्ठीत आहे. कार्ड लिहायचं ते मालाकडं बघून, माल हलला त्याच क्षणी. खतावणी लिहायची ती चिठ्ठ्यांवरून, कार्डाकडं न बघता. माल आला की माल आवक पावती, माल कांडपाला दिला की मागणी चिठ्ठी, माल परत आला की परत चिठ्ठी. तिन्ही चिठ्ठ्यांवर छापील नंबर हवा आणि कार्बन घालून दोन प्रती हव्यात. एक नेणारीची, एक कोठीतल्या तारेत अडकवायची. ताई आठवड्यातून एकदोनदा खतावणी घेऊन बसते, तेव्हा तारेतल्या चिठ्ठ्या काढून पुढ्यात घ्यायच्या आणि कार्ड जागच्या जागी टांगलेलं राहू द्यायचं. ज्या गटात कार्ड खाली काढून, बघून बघून खतावणी उतरवतात, त्यांची दोन्ही पुस्तकं वर्षभर तंतोतंत जुळतात. ती जुळणारच, एकाची नक्कल दुसऱ्यात आहे. असल्या जुळण्याला काही अर्थ नाही.

आता एका मसाला गटाचा एप्रिल महिना पाहू. समोर कागद-पेन घ्या, पण आकडे थोडेच आहेत, नुसतं ऐकलंत तरी चालेल. भाव हिशेबाला सोपे जावेत असे धरलेत.

१ एप्रिलला कोठीत लाल सुकी मिरची ४० किलो होती, २०० रुपये किलोची. म्हणजे खतावणीत शिल्लक ८,००० रुपये. ४ तारखेला ६० किलो नवीन आली, २२० रुपयांनी, १३,२०० रुपयांची. इथं एक सांगून ठेवतो. व्यापाऱ्याच्या बिलावर ६० लिहिलंय म्हणून कार्डावर ६० लिहायचं नाही. आपल्या काट्यावर तोलायचं, गोणीचं वजन वजा करायचं आणि जे भरेल ते लिहायचं. कमी भरलं तर पावतीवर तेवढंच लिहून व्यापाऱ्याला त्याच दिवशी कळवायचं. महिन्यानंतर कोणी ऐकत नाही. आपला काटा वैधमापन खात्याचा शिक्का मारलेला असावा, नाहीतर व्यापारी आपलाच काटा खोटा ठरवतो.

तर आता कोठीत १०० किलो मिरची झाली आणि खतावणीत २१,२०० रुपये. जुनी २०० ची, नवी २२० ची. कांडपाला देताना कोणता दर लावायचा? सोपा मार्ग असा की सगळे रुपये सगळ्या किलोंनी भागायचे. २१,२०० भागिले १००, म्हणजे २१२ रुपये. यापुढं नवीन माल येईपर्यंत जी मिरची जाईल ती २१२ रुपयांनी जाईल. माल दिल्यानं दर बदलत नाही, नवीन माल आला की बदलतो, एवढं ध्यानात ठेवलं की झालं. प्रत्यक्ष देताना मात्र जुनी गोणी आधी फोडायची, दर कोणताही असो. तसं नाही केलं तर तळची मिरची काळी पडते आणि कीड धरते.

९ तारखेला ३५ किलो कांडपाला गेली, ७,४२० रुपयांची. १४ ला २५ किलो, ५,३०० रुपयांची. उरली ४० किलो, ८,४८० रुपये. १८ ला परत ४० किलो आली, २२८ रुपयांनी, म्हणजे ९,१२० रुपयांची. ८० किलो झाली, १७,६०० रुपये, आणि दर झाला २२० रुपये. २३ ला ३० किलो गेली, ६,६०० रुपयांची. राहिली ५० किलो, ११,००० रुपयांची. इथपर्यंत कार्ड आणि खतावणी हातात हात घालून चालली.

पुढं दोन गोष्टी घडल्या, आणि त्या कुठल्याही गटात घडतात. २७ तारखेला दुपारी वीज गेली आणि डंक बंद पडला. २३ ला नेलेल्या मिरचीतली ५ किलो तशीच राहिली होती. कांडपावरच्या अक्कांनी ती कोठीत आणून दिली आणि म्हणाल्या, "ताई, ही ठेव गं परत." ताईनं तोलून गोणीत घातली, कार्डावर आवक ५, शिल्लक ५५ असं लिहिलं. परत चिठ्ठी मात्र कोणीच फाडली नाही. मग ३० तारखेला १५ किलो कांडपाला गेली. मागणी चिठ्ठी झाली, कार्डावर जावक १५, शिल्लक ४० लिहिलं, चिठ्ठी तारेत अडकवली. खतावणी मात्र शेवटची लिहिली होती २८ ला.

महिनाअखेरीला कार्ड सांगतं ४० किलो, खतावणी सांगते ५० किलो. फरक १० किलोचा, पैशात २,२०० रुपयांचा. आणि ही बातमी मेळ घालायच्या आधी बाहेर गेली की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. खतावणीत ५० आणि कोठीत ४०, म्हणजे १० किलो मिरची ताईनं घरी नेली, असाच अर्थ निघतो. म्हणून आम्ही गटांना सांगतो की मेळ पूर्ण होईपर्यंत फरकाचा आकडा बैठकीत वाचायचा नाही. आकडा खोटा नसतो, पण तो अर्धवट असतो.

हा फरक शोधायला बसलेल्या बायका काय करतात? १० किलोची नोंद शोधतात. महिनाभरात १० किलोची एकही नोंद नाही, म्हणून डोकं धरून बसतात. कारण हा फरक दोन गोष्टींचा मिळून झालाय, एक १५ ची आणि एक ५ ची, एकमेकींच्या उलट. आकड्यामागं धावून तो सापडत नाही. नोंद नोंदीशी लावली की सापडतो.

ते असं करायचं. महिन्याच्या शेवटच्या संध्याकाळी कोठी बंद करायची. त्या दिवशीची शेवटची आवक पावती कोणत्या नंबरची आणि शेवटची मागणी चिठ्ठी कोणत्या नंबरची, हे दोन्ही नंबर वहीत लिहून घ्यायचे. या नंबरांपर्यंत एप्रिल, पुढचं सगळं मे. हे ठरवलं नाही तर एक जण ३० तारखेपर्यंत मोजते, दुसरी १ तारखेचा मालही धरते, आणि भांडण नुसतं तारखेचं असतं.

मग रंगीत पेन्सिल घ्यायची. एक जण कार्ड वाचेल, दुसरी खतावणीचं पान धरेल. "४ तारीख, आवक, ६० किलो, पावतीचा नंबर अमुक." दुसरीकडं तीच नोंद, तोच नंबर आणि तेवढंच वजन असेल तर दोन्हीकडं खूण करायची. नुसता नंबर जुळून चालत नाही. ३५ चे ५३ झालेले आम्ही पाहिलेत, नंबर मात्र बरोबर होता. सगळं वाचून झालं की ज्या नोंदींवर खूण नाही, तेवढ्याच बघायच्या. आपल्या या महिन्यात कार्डावर दोन ओळी बिनखुणेच्या राहतील, २७ ची आवक ५ आणि ३० ची जावक १५. खतावणीत बिनखुणेचं काहीच राहणार नाही. म्हणजे दोष खतावणीत आहे, कार्डात नाही, हे पाच मिनिटांत कळलं.

३० तारखेच्या ओळीसमोर चिठ्ठीचा नंबर आहे. तार उघडली, चिठ्ठी सापडली. ही काही चूक नव्हे. ही वाटेवरची नोंद आहे, कार्डाला कळलं होतं, खतावणीपर्यंत पोचायचं होतं. खतावणीत जावक १५ किलो, २२० रुपयांनी ३,३०० रुपये लिहायचं. २७ तारखेच्या ओळीसमोर नंबरच नाही, रकाना कोरा. कोरा रकाना दिसला की समजायचं की चिठ्ठी झाली नाही. तिथं ताईनं एकटीनं खतावणीत ५ लिहून टाकायचं नाही. कांडपावरच्या अक्कांना बोलवायचं, विचारायचं, आणि आजच्या तारखेची परत चिठ्ठी करून त्यांची सही घ्यायची. चिठ्ठीवर "माल २७ तारखेला आला" असं लिहायचं. मागची तारीख घालून चिठ्ठी करायची नाही, कितीही सोयीचं वाटलं तरी. मग खतावणीत आवक ५ किलो, ज्या दरानं गेली होती त्याच दरानं, २२० नं, १,१०० रुपये.

आता खतावणी ५० वजा १५ अधिक ५, म्हणजे ४० किलो, ८,८०० रुपये. कार्डही ४०. कोणीही मिरची घरी नेलेली नाही.

हे न करता खतावणीतला ५० खोडून ४० केला असता तर? काही गटांत असं होतं, ताईला घाई असते, बैठक उद्या असते. तसं केलं की तारेतली १५ किलोची चिठ्ठी मे महिन्यात खतावणीत चढते आणि मेच्या शेवटी खतावणी कार्डापेक्षा १५ किलोनं कमी दिसते. दाबलेला फरक असा मोठा होऊन वर येतो. शिवाय मसाल्याच्या किमतीचं काय? एप्रिलच्या मसाल्यात मिरची खरी पडली १०० किलो, २१,५२० रुपयांची. मेळ नसता घातला तर खतावणीत दिसली असती ९० किलो, १९,३२० रुपयांची. त्या आकड्यावरून मसाल्याचा भाव काढला असता तर २,२०० रुपयांची मिरची गटानं फुकट वाटली असती, आणि कोणाला पत्ताही लागला नसता.

कार्ड आणि खतावणी जुळली, आता कोठी उघडायची आणि माल तोलायचा. हे काम कोठीवाल्या ताईनं एकटीनं करायचं नाही. गटातल्या दोघी हव्यात, आणि त्यांना कार्डावरचा आकडा आधी सांगायचा नाही. ४० माहीत असलं की हात आपोआप ४० कडं जातो, काटा ३९ वर थरथरत असला तरी "भरलं की" म्हणून मोकळे होतो आपण. यात लबाडी नाही, माणसाचा स्वभावच तसा आहे. तोलणाऱ्या दोघींनी आपलं वजन कागदावर लिहायचं, मग कार्ड बघायचं. गोण्या रिकाम्या करून वेगळ्या तोलायच्या. दोन गोण्यांचं वजन विसरलं तर दीड किलोपर्यंत मिरची फुकटची वाढते. तळाला पडलेलं बी आणि चुरा झाडून त्यात धरायचा, तीही मिरचीच आहे.

आपल्या कोठीत निव्वळ मिरची भरली ३८ किलो ५०० ग्रॅम. कार्डावर ४०, म्हणजे दीड किलो कमी. हा फरक कुठल्याही खुणेनं सापडणार नाही, कारण दोन्ही पुस्तकांना तो ठाऊकच नाही. नोंद दोन्हीकडं राहिली असेल तरी पुस्तकं छान जुळतात. ते फक्त काटाच सांगतो. म्हणून पुस्तकं जुळली की काम संपलं असं समजणाऱ्या गटाचा मेळ अर्धाच झालेला असतो.

दीड किलो गेली कुठं? एप्रिलच्या उन्हात तागाच्या गोणीतली मिरची सुकते, वजन उतरतं. देताना काटा थोडा झुकता दिला जातो, पन्नास-शंभर ग्रॅम दर खेपेला. महिन्यात १४० किलो मिरची या कोठीत येऊन-राहून गेली, त्यात दीड किलो म्हणजे शंभराला साधारण एक. उन्हाळ्यात हे पटण्यासारखं आहे. हीच घट जुलै-ऑगस्टमध्ये दिसली तर मात्र थांबून विचार करायचा, कारण पावसाळी हवेत मिरची ओल धरते, वजन थोडं वाढायला हवं. तेव्हा घट येत असेल तर कुलपाची किल्ली कोणाकोणाकडं असते इथपासून बघावं लागेल. एका महिन्याच्या घटीवरून फारसं कळत नाही. बारा महिन्यांच्या घटी एका पानावर ओळीनं लिहिल्या की कळतं.

ही घट पुस्तकात आणायला घट चिठ्ठी करायची. तिच्यावर तोलणाऱ्या दोघींची आणि गटाच्या अध्यक्ष ताईंची सही हवी. कोठीवालीच्या एकटीच्या सहीवर माल कमी करायचा नाही. तो नियम तिच्याच भल्याचा आहे. कार्डावर जावक दीड किलो, "घट" असा शेरा, शिल्लक ३८ किलो ५०० ग्रॅम. खतावणीत वजन तेवढंच कमी करायचं, पण रक्कम ८,८०० च ठेवायची, कारण नेहमीची सुकवण हा मिरचीच्याच खर्चाचा भाग आहे. मग उरलेल्या मिरचीचा दर पडतो २२८ रुपये ५७ पैसे. घट नेहमीची नसेल, गोणी भिजली असेल किंवा उंदरांनी फोडली असेल, तर दीड किलोचे ३३० रुपये वेगळे काढून नुकसानीत दाखवायचे आणि दर २२० च ठेवायचा. मसाला घेणाऱ्या गिऱ्हाइकानं आपल्या उंदरांचे पैसे का भरावेत?

खतावणीच्या मागच्या पानावर हा सगळा मेळ पाच-सहा ओळींत लिहायचा. खतावणीची मूळ शिल्लक ५०, वजा, न चढलेली मागणी चिठ्ठी १५, अधिक, चिठ्ठी न झालेला परत माल ५, कार्डाप्रमाणे ४०, वजा घट दीड, प्रत्यक्ष ३८ किलो ५०० ग्रॅम. खाली तारीख आणि तिघींच्या सह्या. कुठं आकडा चुकला असेल तर त्यावर एक आडवी रेघ मारून वर बरोबर आकडा आणि सही. खोडरबर आणि पांढरी शाई कोठीत ठेवूच नये.

एका संध्याकाळी सगळ्या वस्तूंचा मेळ होत नाही, हेही खरं. मसाला गटात तीस-चाळीस वस्तू असतात. तेव्हा महागाच्या आणि जास्त हलणाऱ्या आधी घ्यायच्या: मिरची, खोबरं, लवंग, दालचिनी. लवंग वजनानं थोडी, पण किमतीनं भारी, आणि मुठीत मावते. मीठ, पिशव्या, रबर यांचा मेळ तीन महिन्यांनी केला तरी चालतो.

बैठकीत वाचायचं ते मागच्या पानावरचं हे पत्रक. आणि मग नवीन कार्डावर मेची पहिली ओळ: १ मे, मागील शिल्लक ३८ किलो ५०० ग्रॅम. खतावणीतही तेवढीच, ८,८०० रुपयांची.